छायाचित्रावर चढविलेला तन्मणी

लग्नसराई जवळ आली की घरोघरी दागिन्यांची बोलणी सुरू होतात. दागिना घडविणारा सराफ पुण्यात, वधू वडोदऱ्यास आणि पसंती देणारी आजी हैदराबादेस, अशी स्थिती आज कितीतरी मराठी कुटुंबांची आहे. मग सराफ दागिन्याचे छायाचित्र पाठवितो, आणि घरातील एखादा संगणक जाणणारा मुलगा ते छायाचित्र ताईच्या छायाचित्रावर चिकटवून सर्वांना दाखवितो. "छान दिसतो हो!" असे सगळे म्हणतात आणि बयाणा धाडला जातो. पुढे दागिना प्रत्यक्ष गळ्यात पडतो तेव्हा तो चित्रापेक्षा लहान भासतो, किंवा चोळीच्या गळ्यावर अडून तिरपा बसतो. आणि मग पसंती नेमकी कशाला दिली होती, हा प्रश्न उभा राहतो.

वाचकहो, दोष दागिन्याचा नसतो आणि सराफाचाही नसतो. चित्राने जे सांगायला हवे होते ते त्याने सांगितलेले नसते. दागिन्याचे पूर्वचित्र तीनच गोष्टी सांगू शकते: दागिना किती मोठा दिसेल, तो गळ्यावर कोठून कोठवर उतरेल, आणि तो अंगाला टेकून बसेल की सुटा लोंबेल. पहिली गोष्ट मापाने ठरते, दुसरी त्याच्या ओळंब्याने आणि तिसरी त्याच्या सावलीने. ह्या तिन्ही गोष्टी अंदाजाने रेखाटल्या तर चित्र सुंदर होते, पण विश्वासार्ह होत नाही. त्या वधूच्या अंगावरूनच घेतल्या पाहिजेत. त्या कशा घ्याव्या, हे ह्या वेळी आपण एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

समजा, दागिना म्हणजे दुपदरी तन्मणी आहे. मोती चार मिलिमीटर व्यासाचे. मध्यभागी जे जडावाचे खोड आहे ते 28 मिलिमीटर रुंद आणि 34 मिलिमीटर उंच. मागच्या रेशमी दोरीसह त्याचा वेढा 430 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सतरा इंच. ही मापे सराफाकडून लिहूनच घ्यावी. "मध्यम आकाराचे खोड" असल्या शब्दांवर कोणतेही चित्र उभे राहत नाही.

आधी मण्यांची माळ

संगणकाला हात लावण्यापूर्वी बाजारातून चार मिलिमीटरचे काचेचे मणी आणावे आणि ते दोऱ्यात ओवून तन्मण्याच्या मापाची दुपदरी माळ करावी. खोडाच्या जागी त्याच मापाचा जाड पुठ्ठा कापून बांधावा, आणि सराफाने खोडाचे जे वजन सांगितले असेल तितक्या वजनाची नाणी त्याच्या पाठीस चिकटवावी.

ही खटपट कशासाठी, असे आपण विचाराल. नुसता दोरा गळ्यात घातला तर तो हलका असल्यामुळे त्वचेला चिकटतो, वाटेल तसा वळतो आणि मध्येच अडकून राहतो. मण्यांचे तसे होत नाही. काच आणि मोती ह्यांचे वजन आकारमानाच्या मानाने जवळजवळ सारखेच असते, म्हणून काचेची माळ मोत्यांच्या माळेसारखीच ओघळते.

दोन टोकांना धरलेली साखळी मधल्या भागात कोणता आकार घेते, हा प्रश्न युरोपातील गणितज्ञांना दीर्घ काळ पडला होता. तो आकार अन्वस्ताच्या जवळपास असतो असे गॅलिलिओने मानले होते. योहान बर्नुली, लाइबनिट्स आणि हॉयगेन्स ह्यांनी 1691 मध्ये त्याचे खरे उत्तर प्रसिद्ध केले. तो वक्र अन्वस्ताहून वेगळा आहे. परंतु हे झाले मोकळ्या, सारख्या वजनाच्या साखळीविषयी. मध्यभागी जड खोड लोंबले की दोन्ही बाजूंचे सर ताणले जातात आणि वाटोळा झोल जाऊन निमुळता कोन येतो. त्यातच मानेचा उतार, गळ्याच्या हाडांचा उंचवटा आणि त्वचेचे घर्षण ह्यांची भर पडते. इतका हिशेब कागदावर मांडीत बसण्यापेक्षा ती माळ गळ्यात घालावी. तो हिशेब ती आपोआप करून दाखविते.

आता वधूला खिडकीजवळ बसवावे. खिडकी एका बाजूस आणि चेहऱ्यापेक्षा थोडी उंच असावी. कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी स्टुलावर पक्का ठेवून तिच्यापासून निदान दीड मीटर दूर असावा. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक-हनुवटी मोठी आणि मान लहान दिसते, आणि मग कोणताही दागिना तिच्यावर अवाढव्य वाटतो. भ्रमणध्वनीच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र पुष्कळदा आरशातल्यासारखे उलटे साठविले जाते. म्हणून मागचाच कॅमेरा वापरावा, नाही तर उजेडाची बाजू आणि पदराची बाजू दोन्ही फसवितात.

दोन छायाचित्रे लागोपाठ घ्यावी. पहिल्यात गळ्यात मण्यांची माळ असावी आणि गळ्याच्या हाडाला टेकवून धरलेले बँकेचे कार्ड असावे. कार्डाची कोरी बाजू पुढे ठेवावी आणि त्यावरील आकडे झाकावे. दुसऱ्यात माळही नको आणि कार्डही नको. फक्त वधू, त्याच जागी, हनुवटी त्याच उंचीवर. लग्नात जी चोळी नेसायची तिच्याच गळ्याची चोळी दोन्ही वेळा अंगात असावी. पहिले छायाचित्र आपला साक्षीदार आहे, आणि दुसऱ्यावर दागिना चढवावयाचा आहे.

मापाचा हिशेब

बँकेचे कार्ड सर्वत्र एकाच मापाचे असते. त्याची लांबी 85.6 मिलिमीटर. संगणकावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, त्यांना पिक्सेल म्हणतात. आपल्या छायाचित्रात कार्डाची लांबी 428 पिक्सेल भरली असे समजू. 428 ला 85.6 ने भागले की 5 येतात. म्हणजे वधूच्या गळ्याजवळचा एक मिलिमीटर चित्रात पाच पिक्सेल व्यापतो. मग खोड 140 पिक्सेल रुंद व 170 पिक्सेल उंच झाले पाहिजे आणि प्रत्येक मोती 20 पिक्सेलचा. ह्याहून एक पिक्सेलही अधिक नको. दागिना जरासा मोठा करून पाहण्याचा मोह येथेच होतो, आणि निराशेचे मूळही बहुधा येथेच असते.

कार्ड गळ्याला टेकलेलेच हवे. कॅमेरा दीड मीटरवर असताना ते हातात धरून दहा सेंटिमीटर पुढे आणले तर ते सुमारे सात टक्के मोठे दिसते. मग हिशेबात दागिनाही तितकाच मोठा होतो, आणि 28 मिलिमीटरचे खोड तीस मिलिमीटरचे भासू लागते.

ही कामे करण्यासाठी विकतचा कार्यक्रम घ्यावयास हवा असे नाही. GIMP हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम पुरेसा आहे. त्यात दोन बिंदूंमधील अंतर मोजण्यासाठी Measure हे साधन आहे, आणि चित्राचा आकार बदलण्यासाठी Scale Layer ही आज्ञा आहे. ह्या कार्यक्रमात चित्रे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावे तशी थरांमध्ये ठेवता येतात. सर्वांत खाली दुसरे, म्हणजे दागिन्याविना घेतलेले छायाचित्र ठेवावे. त्यावर साक्षीदार छायाचित्राचा थर अर्धपारदर्शक करून ठेवावा, डोळे व खांदे जुळवावे, आणि एका कोऱ्या थरावर माळेची रेघ बारीक कुंचल्याने गिरवून घ्यावी. खोडाचा माथा कोठे आला, सर मानेमागे कोठे नाहीसे झाले, ह्याच्या खुणा कराव्या. ही रेघ म्हणजे आपल्या कामाचा पाया होय.

दागिना वळवावा, चित्र वळवू नये

सराफ दागिना सपाट गादीवर मांडून वरून छायाचित्र घेतो. असे चित्र गळ्यावर ठेवले की सर गळ्याभोवती न वळता पाटीवर खडूने काढल्यासारखे दिसतात. मग ते संगणकात ओढून-ताणून वाकवावे लागतात, आणि ताणलेल्या ठिकाणी मोती लांबट होतात. गोल मोती अंड्यासारखा झाला की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खटकते. ह्यासाठी गिरवलेल्या रेघेचे चित्र सराफाकडे पाठवून, दागिना मखमली गळ्यावर त्याच आकारात मांडून, तितक्याच अंतरावरून आणि उजेड त्याच बाजूने ठेवून छायाचित्र घेण्याची विनंती करावी. बाजूला एक कोरा पांढरा कागदही ठेवावा. दुकानातील दिव्यांनी मोत्यांवर आलेली पिवळी झाक किती काढावयाची, हे त्या कागदावरून समजते.

असे छायाचित्र हाती आले म्हणजे पार्श्वभूमी कापून टाकावी, ठरलेल्या मापाला आणावे आणि रेघेवर बसवावे. थोडाफार फरक राहिलाच तर Warp Transform ह्या साधनाने तो हलकेच सरकवावा. एखादा मोती लांबट दिसू लागला की थांबावे.

मानेच्या बाजूंकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. समोरून पाहताना तन्मण्याचे मधले मोती एकमेकांना टेकलेले पण पुरते दिसतात. सर मानेच्या कडेकडे वळू लागले की मोती एकमेकांच्या आड जातात. अगदी कडेला तर प्रत्येक मोत्याची जेमतेम कोर दिसते, आणि दुपदरी माळेचा मागचा पदर पुढच्या पदराखाली लपतो. मानेमागे गेलेला भाग, आणि जेथे मोकळे केस पुढे आले असतील तेथे केसांखालचा भाग, पुसून टाकावा लागतो. तो कायमचा न पुसता Layer Mask लावून झाकावा, म्हणजे चूक झाल्यास परत आणता येतो. सर मानेच्या कडेला अचानक कापल्यासारखे संपत असतील तर चित्र पुन्हा तपासावे. खरे सर कडेला संपत नाहीत. ते वळून दिसेनासे होतात.

सावलीचे तीन प्रकार

येथवर दागिना योग्य मापाचा आणि योग्य जागी बसला. तरीही तो कागदावर डकविल्यासारखा दिसतो, कारण अजून त्याची सावली पडलेली नाही. गळ्यावर एकच एक सावली नसते. तीन वेगवेगळ्या सावल्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली की चित्र बिघडते.

पहिली सावली मोत्याच्या अगदी तळाशी, जेथे तो त्वचेला टेकतो तेथे असते. त्या फटीत कोणत्याच बाजूने उजेड पुरेसा शिरत नाही. म्हणून तेथे एक बारीक, गडद रेघ असते, आणि खोलीतला उजेड कोठूनही आला तरी ती राहते. तिच्यामुळे दागिना अंगाला टेकलेला भासतो.

दुसरी सावली खिडकीच्या उजेडाने पडते. ती उजेडाच्या विरुद्ध दिशेला सरकते, आणि दागिना त्वचेपासून जितका दूर तितकी अधिक सरकते. आपल्या चित्रात खिडकी डावीकडे आणि वर आहे, म्हणून सावली उजवीकडे आणि खाली जाईल. त्वचेवर उजेड साधारण 45 अंशांनी पडत असेल तर जेवढी उंची तेवढेच सावलीचे अंतर. चार मिलिमीटरच्या मोत्याचा मध्य त्वचेपासून दोन मिलिमीटर वर असतो, म्हणून त्याची सावली दोन मिलिमीटर, म्हणजे दहा पिक्सेल सरकते. परंतु खांद्याचा उतार आणि गळ्याचे हाड ह्यांच्यामध्ये एक खळगा असतो. मोत्यांचा सर त्या खळग्यात उतरत नाही. तो त्याच्यावरून पुलासारखा जातो. तेथे मोती त्वचेपासून सहा मिलिमीटर वर असतील तर सावली तीस पिक्सेल दूर जाते. म्हणजे हाडावर सराला लगटून असलेली सावली खळग्यावर त्याच्यापासून सुटते, आणि पलीकडे पुन्हा त्याला येऊन मिळते. सर्व ठिकाणी सारख्या अंतरावर ठेवलेली सावली ही नवशिक्या कामाची सर्वांत ठळक खूण होय. ती पाहून गळा एखाद्या फळीसारखा सपाट वाटतो.

सावलीची कडही अंतराप्रमाणे बदलते. एक मीटर रुंदीची खिडकी दोन मीटर दूर असेल तर सावलीच्या कडेचा धूसरपणा त्वचेपासूनच्या अंतराच्या सुमारे निम्मा असतो. टेकलेल्या मोत्याला तो एक मिलिमीटर, म्हणजे पाच पिक्सेल. खळग्यावरच्या मोत्याला तीन मिलिमीटर, म्हणजे पंधरा. GIMP मध्ये सावली मऊ करण्यासाठी Gaussian Blur वापरतात. त्यातील आकडा ह्या धूसरपणाच्या साधारण चौथाईचा ठेवावा, म्हणजे हाडावर सव्वा आणि खळग्यावर चार. उन्हात घेतलेल्या छायाचित्राला मात्र हा हिशेब लागू नाही. सूर्य आकाशात इतका लहान दिसतो की मोत्याची सावली जवळजवळ रेखीवच पडते.

तिसरी सावली दागिन्याची नसतेच. ती हनुवटीची असते. उजेड वरून येत असेल तर हनुवटीखाली मानेचा बराचसा भाग छायेत असतो, आणि सराचे वरचे भाग त्या छायेतून जातात. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. छायेतले मोतीही तितकेच काळवंडले पाहिजेत. ते उजळ राहिले तर हनुवटीच्या सावलीवर तरंगतात. आणि तेथे दागिन्याची दुसरी सावली जवळजवळ नाहीशी झाली पाहिजे, कारण खिडकीचा उजेड हनुवटीने आधीच अडविलेला आहे. जो उजेड तेथे पोहोचतच नाही तो मोती आणखी काय अडविणार? तेथे फक्त पहिली, टेकण्याची बारीक रेघ उरते. पुष्कळ चित्रांत सावलीवर सावली घालून मानेवर काळा पट्टा उठतो, तो ह्याच चुकीने.

सावलीचा रंग

सावली काळ्या रंगाने रंगविली की त्वचा मळकट दिसते. त्वचेवरील सावली तांबूस असते, आणि तिचा रंग त्याच छायाचित्रात तयार असतो: हनुवटीखाली. Color Picker ह्या साधनाने उजेडातील गळ्याचा रंग वाचावा आणि लगतच्या छायेतील रंगही वाचावा. समजा, उजेडात तांबडा, हिरवा व निळा ह्यांचे आकडे अनुक्रमे 200, 150, 120 आले आणि छायेत 140, 90, 66. तांबडा सत्तर टक्के उरला, हिरवा साठ आणि निळा पंचावन्न. तांबडा सर्वांत कमी घटला, म्हणूनच सावली तांबूस दिसते.

सावलीचा थर दागिना आणि त्वचा ह्यांच्या मध्ये ठेवून त्याची पद्धत Multiply करावी. ह्या पद्धतीत वरचा रंग खालच्या रंगाला गुणला जातो. म्हणून छायेत वाचलेला रंग जसाच्या तसा भरू नये. तो त्वचेने एकदा आधीच गुणलेला असतो, आणि पुन्हा गुणला तर सावली फार गडद होते. भरावयाचे असते ते प्रमाण. 255 चे सत्तर, साठ आणि पंचावन्न टक्के, म्हणजे 178, 153, 140 हा फिकट तांबूस रंग भरावा. तो त्वचेवर गुणला गेला की खरी छाया येते.

सावलीचा आकार दागिन्यापासूनच घ्यावा. दागिन्याच्या थरावर असताना Layer, Transparency, Alpha to Selection ह्या क्रमाने गेल्यास त्याची बाह्यरेषा निवडली जाते. ती नव्या थरावर ह्या रंगाने भरून सात पिक्सेल उजवीकडे आणि सात खाली सरकवावी. तिरकस अंतर दहा पिक्सेल होते. खळग्यावरील तुकडा निराळ्या थरावर घेऊन एकवीस-एकवीस सरकवावा आणि अधिक मऊ करावा. त्याची टोके Warp Transform ने ओढून मूळ सावलीला मिळवावी. सर मानेमागे जेथे झाकला तेथे त्याची सावलीही झाकावी. शेवटी हनुवटीच्या छायेतील भागापुरता हाच रंग Multiply पद्धतीने मोत्यांवर घालावा, आणि तेथील दुसरी सावली पुसून टाकावी.

आता साक्षीदार छायाचित्र पुन्हा शेजारी ठेवावे. काचेच्या मण्यांची सावली कोठे लगटून आहे, कोठे सुटली आहे आणि कोठे हनुवटीच्या छायेत विरली आहे, हे त्यात उघड दिसते. आपल्या हिशेबात आणि त्यात फरक असेल तर साक्षीदारावर विश्वास ठेवावा. आणखी एक परीक्षा आहे. दागिन्याचा थर क्षणभर दिसेनासा करून नुसती सावली पाहावी. गळ्याचे उंचवटे व खळगे त्या सावलीवरून ओळखू आले तर काम बरोबर झाले.

कुड्या आणि झुमके

तन्मण्याबरोबर मोत्यांच्या कुड्या आल्याच. कुडी कानाच्या पाळीला लगटून बसते. म्हणून मान कलली की कानाबरोबर तीही कलते, आणि चेहरा वळलेला असेल तर पलीकडच्या कानातली कुडी अरुंद दिसते. एकाच कुडीचे चित्र उलटे करून दोन्ही कानांना लावणे म्हणूनच चालत नाही. तसे केल्यास तिच्यावरची चकाकीही उलट बाजूला जाते आणि खिडक्या दोन असल्यासारखे भासते.

झुमक्याचे निराळे आहे. तो ओळंब्यासारखा सरळ खालीच लोंबतो. डोके दहा अंश कलले तरी झुमका कलत नाही. फक्त पाळीतला त्याचा टांगता बिंदू सरकतो. त्याची सावलीही विचारपूर्वक घालावी. झुमका मानेपासून तीन सेंटिमीटर दूर असेल तर वरच्याच हिशेबाने सावलीच्या कडेचा धूसरपणा दीड सेंटिमीटर होतो, म्हणजे तो झुमक्याच्या रुंदीच्या जवळपास जातो. अशा उजेडात मानेवर त्याची ओळखू येणारी आकृती पडतच नाही. हलकासा काळोख तेवढा येतो. मानेवर झुमक्याची रेखीव सावली काढणे म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या वधूला उन्हात नेऊन बसविणे होय.

चित्राने दिलेले उत्तर

आता आपल्या उदाहरणात काय निघाले ते पाहू. खोडाचा माथा गळ्याच्या मधल्या खळीपासून 200 पिक्सेल खाली आला. खोड 170 पिक्सेल उंच, म्हणून त्याचे खालचे टोक 370 वर. चोळीच्या गळ्याची कड मात्र 330 वर आहे. म्हणजे खोड 40 पिक्सेल, अर्थात आठ मिलिमीटर, चोळीवर चढते. मापाविना चिकटवलेल्या चित्रात ते नेहमीच कडेच्या वर नेटके बसलेले दाखविले जाते. प्रत्यक्षात त्याची खालची कड जरीच्या काठावर टेकली असती आणि खोड पुढे कलले असते.

उपाय सोपा आहे, आणि त्यात सोने वा मोती काहीच बदलावे लागत नाही. वेढा वीस मिलिमीटरने कमी केला तर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर कमी होतात. सर तिरके असल्यामुळे खोड दहा मिलिमीटरहून थोडे अधिकच वर येते. आठ मिलिमीटरचा अडथळा त्यामुळे दूर होतो. मण्यांच्या माळेची दोरी तितकी आखडून, पुन्हा गळ्यात घालून, ही गोष्ट पडताळावी आणि मगच सराफास 410 मिलिमीटरच्या वेढ्याची दोरी करावयास सांगावे. चोळी अजून शिवावयाची असेल तर शिंप्याला गळा एक सेंटिमीटर खोल ठेवावयास सांगणे हाही एक मार्ग आहे.

ह्या चित्राच्या मर्यादाही घरात सर्वांना सांगून ठेवाव्या. खोड गळ्याला जड वाटेल की नाही, झुमक्याने पाळी दुखेल की नाही, हे चित्र सांगू शकत नाही. मोत्यांचे पाणीही त्यातून कळत नाही. मोती हलविला की त्याच्यावरचा उजेड फिरतो, आणि छायाचित्रात तो एका जागी थिजलेला असतो. म्हणून मोत्यांची पारख दिवसाच्या उजेडात, हातात घेऊनच करावी. जडपणासाठी ती नाणी बांधलेली मण्यांची माळ वधूने एखादा दिवस घरात गळ्यात वागवून पाहावी. संध्याकाळी ती काढताना मानेवर हात फिरवावा लागला, तर सराफाला खोड हलके करण्याविषयी वेळीच कळविता येईल.

हैदराबादच्या आजींना चित्र पाठविताना त्याच्यासोबत दोन ओळी जरूर लिहाव्या: कार्डावरून काढलेले माप, आणि वेढ्याची लांबी. नुसत्या चित्रावरून त्या "छान दिसतो" एवढेच म्हणू शकतील. ही दोन मापे हाती असली, तर आपल्या पेटीतला जुना तन्मणी काढून त्या शेजारी ठेवतील आणि खोड मोठे की लहान, हे पट्टी लावून सांगतील.